पाच मिनिटांत एका पुस्तकाची देवघेव

अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी गटागटाने एकेक प्रकल्प करतात आणि वर्षाच्या अखेरीस ‘डेमो डे’ला तो सर्वांसमोर चालवून दाखवतात. बहुतेक ठिकाणी गटाला पाच ते दहा मिनिटे बोलायला मिळतात आणि नंतर प्रश्न विचारले जातात. समोर बाहेरून आलेले परीक्षक, विभागातले प्राध्यापक आणि खालच्या वर्गातले विद्यार्थी असतात. प्रकल्प एखाद्या खऱ्या वाचनालयासाठी केलेला असेल, तर तिथले ग्रंथपाल आणि कार्यकारिणीतले एखादे सदस्यही आवर्जून येतात. स्थानिक वाचनालयातल्या पुस्तकांच्या देवघेवीचे वेब ॲप हा अशा प्रकल्पांतला फार जुना विषय आहे, आणि भाषण अवघड होते ते त्यामुळेच. लॉगिनचे पान, पुस्तकांची यादी आणि ‘इश्यू’, ‘रिटर्न’ ही दोन बटणे परीक्षकांनी अनेकदा पाहिलेली असतात. ती पुन्हा एकामागून एक दाखवत गेले, तर पाच मिनिटे संपतात आणि गटाने नेमका कोणता प्रश्न सोडवला ते कोणाला कळत नाही.

हे भाषण कसे बांधावे ते पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. चार जणांचा गट आहे, पाच मिनिटांचा वेळ आहे, आणि तालुक्याच्या गावातले एक वाचनालय आहे. तिथे एकच पगारी कर्मचारी आहे, पुस्तके काही हजार आहेत आणि देवघेव अजून वहीत लिहिली जाते. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार शासनमान्य वाचनालयांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग पडतात. त्यांतली खालच्या वर्गांतली पुष्कळ वाचनालये साधारण अशीच असतात.

भाषणाची पहिली चाळीस सेकंदे अडचण सांगण्यासाठी असतात. इथे बहुतेक गट ‘सध्याचे युग डिजिटल आहे’ अशी सुरुवात करतात, किंवा वहीत नोंद करायला वेळ लागतो असे सांगतात. हे दुसरे विधान तर ग्रंथपालांना पटतही नाही. सवयीचा कर्मचारी वहीत नोंद अर्ध्या मिनिटात करतो आणि संगणक सुरू होण्याआधी पुस्तक वाचकाच्या हातात देतो. वहीची खरी अडचण कळायला काउंटरच्या मागे दोन-तीन संध्याकाळी बसावे लागते.

अशा वहीत प्रत्येक सभासदाला एक पान असते. पानावर तारीख, पुस्तकाचा दाखल क्रमांक, नाव, सही आणि परत आल्याची तारीख असे रकाने असतात. सभासद २१२ कडे कोणती पुस्तके आहेत, हे ती वही क्षणात सांगते. आता काउंटरवर कोणी येऊन विचारते, ‘अत्र्यांच्या ‘कऱ्हेचे पाणी’चा दुसरा खंड आहे का?’ कपाटात तो नाही. म्हणजे कोणीतरी नेला आहे, पण कोणी नेला आणि कधी परत येईल, हे शोधायचे तर सगळ्या सभासदांची पाने चाळावी लागतील. ते कोणी करत नाही. ‘सध्या बाहेर आहे, पुढच्या आठवड्यात बघा’ असे उत्तर मिळते, आणि पुस्तक खरोखर बाहेर आहे की हरवले आहे, हे वर्षाच्या मोजणीपर्यंत कळत नाही. मोठ्या ग्रंथालयांत वापरली जाणारी ब्राऊन पद्धत याहून बरी आहे. अमेरिकन ग्रंथपाल नीना ब्राऊन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बसवली. तिच्यात पुस्तकाचे कार्ड वाचकाच्या तिकिटाच्या खिशात सरकवून, परतीच्या तारखेनुसार लावलेल्या ट्रेमध्ये ठेवतात. आज कोणती पुस्तके यायला हवी होती, ते त्यामुळे कळते. पण एखादे विशिष्ट पुस्तक शोधायचे तर त्याची तारीख आधी माहीत हवी.

थोडक्यात, कागदावरची नोंद एकाच क्रमाने लावता येते आणि दुसऱ्या क्रमाने विचारलेला प्रश्न तिथे अडतो. भाषणाची सुरुवात याच वाक्याच्या आधाराने करता येते:

‘नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात देवघेवीची वही सभासदांच्या क्रमाने लावलेली आहे. या सभासदाकडे कोणती पुस्तके आहेत, हे ती लगेच सांगते. हे पुस्तक कोणाकडे आहे, हे मात्र तिला सांगता येत नाही. आम्ही दोन्ही प्रश्नांची उत्तरे देणारे ॲप केले आहे. ते एकाच पुस्तकावर चालवून दाखवतो. पुस्तक आहे ‘कऱ्हेचे पाणी’.’

एकाच पुस्तकावर, हे महत्त्वाचे आहे. ॲपमध्ये बारा पाने असली तरी भाषणात बारा पाने दाखवायची नसतात. एक पुस्तक कपाटातून निघते, वाचकाकडे जाते, दुसरा वाचक त्याची वाट पाहतो आणि ते परत येते. हा एक फेरा पूर्ण झाला की वाचनालयाचे रोजचे काम दाखवून झाले. सभासद नोंदणी, वर्गणी, अनामत आणि अहवाल ही पाने ‘हेही आहे’ एवढ्या एका वाक्यात येतात. कोणाला हवे असेल तर तो प्रश्नांच्या वेळी विचारतो.

‘कऱ्हेचे पाणी’ निवडण्यामागेही कारण आहे. हे आत्मचरित्र अनेक खंडांचे आहे, आणि देवघेवीच्या ॲपची पहिली कसोटी इथेच लागते. नवखा गट माहितीचा साठा करताना पुस्तकांचा एकच तक्ता करतो: नाव, लेखक, किंमत आणि ‘शिल्लक प्रती’ असा एक आकडा. पुस्तक दिले की आकडा एकने कमी करायचा, परत आले की एकने वाढवायचा. पहिल्या दिवशी हे चालते. पण वाचनालयात दुसऱ्या खंडाच्या तीन प्रती असतील आणि एका प्रतीची पाने फाटून परत आली, तर ती कोणी नेली होती, ते या तक्त्यावरून सांगता येत नाही. तिन्ही प्रती त्याच्या दृष्टीने एकच असतात.

वाचनालयाने हा भेद केव्हाच केलेला आहे. दाखल नोंदवहीत प्रत्येक प्रतीला स्वतंत्र क्रमांक मिळतो. एकाच खंडाच्या तीन प्रती असतील, तर त्यांचे दाखल क्रमांक समजा ११८४, ११८५ आणि ४३१० असे असतील. तिसरी प्रत नंतर कोणीतरी भेट दिलेली असते. ॲपलाही तोच भेद पाळावा लागतो. वर ग्रंथ, त्याखाली खंड आणि खंडाखाली प्रती. पुस्तक दिले जाते तेव्हा प्रत दिली जाते, म्हणून देवघेवीची नोंद प्रतीवर होते. पण वाचक राखून ठेवायला सांगतो तेव्हा त्याला दुसरा खंड हवा असतो. प्रत ११८५ असो की ४३१०, त्याला फरक पडत नाही. म्हणून आरक्षणाची नोंद खंडावर होते. हे उलटे झाले की विचित्र प्रकार घडतो. आरक्षण ११८५ वर बसलेले असते आणि ४३१० परत येऊन कपाटात जाते, तरी वाचकाला ‘अजून आलेले नाही’ असा निरोप जात राहतो.

हा भाग भाषणात सांगायचा नसतो, दाखवायचा असतो. बोलणारा एक आणि ॲप चालवणारा दुसरा, अशी वाटणी केलेली बरी, कारण टाइप करता करता बोलणारा माणूस पडद्याकडे पाहून बोलू लागतो. पडद्यावर दुसऱ्या खंडाचे पान उघडते. तिथे तिन्ही प्रती दिसतात आणि त्यांतल्या दोन बाहेर आहेत. ११८५ ही प्रत सभासद २१२ च्या नावावर देऊन पान पुन्हा पाहिले की तिसरीही बाहेर गेलेली असते. सभासद ३०७ आता हा खंड राखून ठेवायला सांगतो. मग ४३१० परत येते आणि पडद्यावर ओळ उमटते: ‘ही प्रत कपाटात ठेवू नका, सभासद ३०७ साठी बाजूला ठेवा.’ इथे बोलणाऱ्याने दोन सेकंद गप्प बसावे. ग्रंथपाल ती ओळ वाचतात आणि मान डोलावतात, कारण हे काम त्या आजवर पुस्तकात चिठ्ठी घालून किंवा नुसत्या आठवणीवर करत आल्या आहेत.

मराठीत सावकाश बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. पाच मिनिटांतला निम्मा वेळ पडद्यावरच्या हालचालींत जातो, म्हणून लिहिलेले भाषण तीनशे-साडेतीनशे शब्दांपेक्षा मोठे असू नये. पाठ केलेले पाचशे शब्द घेऊन आलेला गट शेवटच्या मिनिटाला धापा टाकू लागतो आणि परत येणारी प्रत दाखवायची राहून जाते.

परीक्षकांसाठी तांत्रिक मुद्दा एकच निवडावा, पण तो खोलवर सांगावा. देवघेवीच्या ॲपमध्ये असा मुद्दा आहे: एकच प्रत एकाच वेळी दोघांच्या नावावर चढणार नाही, याची हमी कशी देता येते?

वरवर पाहता हा प्रश्न उद्भवूच नये. पुस्तक तर एकाच माणसाच्या हातात असते. पण प्रत्यक्षात हे दोन प्रकारे घडते. नेट मंद असते, कर्मचारी ‘द्या’ हे बटण दाबतो, काहीच हलत नाही म्हणून पुन्हा दाबतो, आणि दोन नोंदी होतात. किंवा काल गर्दीच्या वेळी परत आलेले पुस्तक नोंद न करताच कपाटात गेलेले असते, आज दुसरा वाचक ते घेऊन येतो आणि ॲपच्या हिशेबी ते अजून पहिल्याकडेच असते. पुढे महिनाभराने पहिल्या वाचकाकडे न नेलेल्या पुस्तकाचा दंड मागितला जातो. तो वाचक दहा वर्षांचा सभासद असला, तर ॲपवरचा आणि वाचनालयावरचा त्याचा विश्वास एकदमच उडतो.

बहुतेक गट ‘आधी पाहा, मग लिहा’ या रीतीने हे सोडवतात. प्रत मोकळी आहे का ते तपासायचे, आणि असेल तर नोंद करायची. या दोन पायऱ्यांमध्ये क्षणाचा काही अंश जातो. तेवढ्यात दुसरी विनंती आली, तर तिलाही प्रत मोकळीच दिसते आणि दोघीही नोंद करून जातात. म्हणून नियम ॲपच्या पानांवर न ठेवता माहितीच्या साठ्यातच ठेवावा लागतो. पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइट वापरत असल्यास तो तीन ओळींचा आहे:

```sql
CREATE UNIQUE INDEX one_open_loan
ON loans (copy_id)
WHERE returned_on IS NULL;
```

अर्थ असा: परतीची तारीख रिकामी असलेली, म्हणजे अजून न मिटलेली नोंद एका प्रतीसाठी एकच असू शकते. दुसरी नोंद कुठूनही आली, एकाच क्षणी आली, तरी साठा ती नाकारतो. जुन्या, मिटलेल्या नोंदी हव्या तेवढ्या राहू शकतात, कारण त्यांच्यात परतीची तारीख भरलेली असते.

भाषणात हे दाखवायला दोन लॅपटॉप पुरतात. दोन्हींवर ११८५ उघडायची आणि तीन मोजून दोघांनी एकदम बटण दाबायचे. एकावर ‘दिले’ असे दिसते, दुसऱ्यावर नकार. नकाराचे शब्दही विचारपूर्वक निवडलेले असावेत. नुसता लाल पट्टीतला ‘एरर’ कर्मचाऱ्याच्या कामाचा नाही. पुस्तक त्याच्या हातात आहे, म्हणजे ते परत आले आहे, हे उघड आहे. तेव्हा ॲपने विचारावे: ‘ही प्रत सभासद २१२ च्या नावावर आहे. ती परत आली का?’ ‘हो’ म्हटले की जुनी नोंद मिटते आणि नवी होते. राहून गेलेली परत अशी काउंटरवरच सापडते आणि दंडाचे भांडण टळते. साठ्यातला नियम आणि हा प्रश्न असे दोन्ही मिळून उत्तर पूर्ण होते. त्यातला एकच भाग केला असेल तर तसे सांगावे. परीक्षक तो दुसरा भाग विचारतातच.

मराठी वाचनालयाच्या ॲपमध्ये आणखी एक गोष्ट आहे. इंग्रजी पुस्तकांसाठी लिहिलेले नमुने पाहून ॲप केले, तर ती सुटते. ती म्हणजे शोध. ‘कऱ्हेचे पाणी’ या नावातला ‘ऱ्हे’ संगणकावर एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. एक कळफलक त्यासाठी खास ऱ आणि हलन्त वापरतो. दुसरा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह टाकतो. संगणकाच्या क्रमांकांत ते असे:

```
U+0931 U+094D
U+0930 U+094D U+200D
```

पडद्यावर दोन्ही अक्षरे डोळ्यांना सारखीच दिसतात. संगणकाला मात्र ती वेगळी असतात. यादी भरणाऱ्या विद्यार्थ्याने एका कळफलकावर नाव टाइप केले आणि वाचकाने मोबाइलवर दुसऱ्याने, तर पुस्तक यादीत असूनही ‘सापडले नाही’ असे उत्तर येते. हा दोष ओळखण्याची खूण सोपी आहे. यादीतले नाव कॉपी करून शोधाच्या चौकटीत टाकले तर पुस्तक सापडते, आणि तेच हाताने टाइप केले तर सापडत नाही.

यावर उपाय म्हणजे नाव साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा ते एकाच रूपात आणणे. युनिकोडची ठरलेली ‘एनएफसी’ ही रीत यातले निम्मे काम करते. र आणि खालचा नुक्ता असे वेगवेगळे लिहिले असेल, तर ती त्याचा ऱ करते. न दिसणाऱ्या जोडचिन्हाचे रूप मात्र ती बदलत नाही. ते ‘ऱ्’मध्ये बदलण्याचा एक नियम गटाला स्वतः लिहावा लागतो. त्याच टप्प्यावर दुसऱ्या काही सवयीही सांभाळून घेता येतात. जुन्या पुस्तकांच्या नावात ‘सन्त’ असते आणि वाचक ‘संत’ टाइप करतो. लेखकाचे नाव कोणी ‘प्र. के. अत्रे’ लिहितो, कोणी ‘आचार्य अत्रे’. पहिल्यासाठी नियम करता येतो. दुसऱ्यासाठी लेखकांची एक छोटी यादी हाताने करावी लागते, तिथे दुसरा उपाय नाही.

भाषणात याला वीस सेकंदे पुरतात. ग्रंथपालांना त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवरून पुस्तकाचे नाव शोधायला सांगावे. गटाचा लॅपटॉप नव्हे, त्यांचा मोबाइल आणि त्यांचा नेहमीचा कळफलक. पुस्तक सापडले की सांगायला काही उरत नाही. शोधाची ही तयारी करणारा गट पाहिला की तो खरोखर त्या वाचनालयात जाऊन बसला होता, हे परीक्षकांच्या लक्षात येते. घरी बसून इंग्रजी नावांवर चाचणी घेतली तर हा दोष कधीच दिसत नाही.

सादरीकरणाच्या दिवशी काय बिघडू शकते, याचा विचार आदल्या दिवशी करायचा असतो. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या शेजारी विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना संगणकाला स्कॅनर जोडला आणि पडदा निळा होऊन सारे थांबले. देवघेवीच्या ॲपमध्येही बाहेरून जोडायचे उपकरण असते, ते म्हणजे बारकोड वाचक. संगणकाच्या दृष्टीने ते एक कळफलकच असते. पट्टीवरचे अंक ते टाइप करते आणि बहुधा शेवटी एंटर दाबते. त्यामुळे लॅपटॉपची भाषा मराठी असेल, तर 1185 ऐवजी देवनागरी ११८५ उमटू शकते. साठ्यात इंग्रजी अंक असतात आणि ॲप म्हणते, अशी प्रतच नाही. थोड्याच वेळापूर्वी मराठीत शोध दाखवलेला असल्यामुळे नेमके हेच घडण्याची शक्यता फार. चौकटीत आलेले देवनागरी अंक आधी इंग्रजी अंकांत बदलणारी एक ओळ ॲपमध्ये टाकली की दोष कायमचा जातो, आणि वाचनालयातल्या कर्मचाऱ्यालाही भाषा बदलत बसावे लागत नाही.

बारकोडबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापलेला आयएसबीएन वाचून काम भागेल, असे पुष्कळ गट धरून चालतात. आयएसबीएन हे आंतरराष्ट्रीय मानक झाले १९७० मध्ये आणि तेरा अंकी झाले २००७ पासून. जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच, आणि असला तरी तो आवृत्तीचा क्रमांक असतो. तिन्ही प्रतींवर एकच. प्रत ओळखायची तर दाखल क्रमांकाची पट्टी वाचनालयानेच छापून चिकटवायला हवी. काही हजार पुस्तकांना पट्ट्या चिकटवणे हे विद्यार्थ्यांचे नव्हे, वाचनालयाचे काही आठवड्यांचे काम आहे, आणि भाषणात ते लपवू नये.

दुसरा बिघाड तारखेचा. परतीची तारीख दिनदर्शिकेतून निवडली १५ मार्च, आणि पावतीवर आली १४ मार्च. कारण असे की भारतातली मध्यरात्र जागतिक वेळेनुसार आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा असते. ब्राउझरमध्ये बनवलेली तारीख जागतिक वेळेत बदलून पाठवली की एक दिवस गळतो:

```js
new Date(2025, 2, 15).toISOString()
// "2025-03-14T18:30:00.000Z"
```

परतीच्या तारखेला वेळेची गरजच नाही. ती `2025-03-15` अशी नुसती तारीख म्हणून साठवली की प्रश्न मिटतो. हा दोष धोकादायक आहे, कारण पडदा व्यवस्थित दिसतो, ॲप कुठे अडत नाही आणि वाचकाला एक दिवसाचा दंड उगाच बसतो. डेमोच्या आदल्या दिवशी पावतीवरची तारीख मुद्दाम मोठ्याने वाचून पाहावी.

तिसरा बिघाड फुकट होस्टिंगचा. तिथे काही वेळ कोणी आले नाही की ॲप झोपवून ठेवले जाते आणि पहिल्या भेटीला ते जागे व्हायला बराच वेळ घेते. पाच मिनिटांच्या भाषणात तो वेळ परवडत नाही. आपली पाळी येण्याआधी गटातल्या एकाने ते उघडून ठेवावे, आणि तेच ॲप लॅपटॉपवर नेटशिवायही चालू ठेवावे. सभागृहातले नेट गेले तर बोलणारा थांबत नाही, चालवणारा फक्त पत्ता बदलतो. एवढे करूनही अडलेच, तर फेऱ्याची दोन मिनिटांची चित्रफीत हाताशी असावी. ती सुरुवातीपासून लावू नये, कारण चालते ॲप पाहायला आलेल्या माणसाला चित्रफीत पाहून शंकाच येते.

पडद्यावरचे सभासदही खरे नसावेत. वाचनालयाने विश्वासाने दिलेली नावे आणि मोबाइल क्रमांक दीडशे लोकांसमोर मोठ्या पडद्यावर उघडणे गैर आहे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये कायदाही झाला आहे. नमुन्याचे सभासद आधीच भरून ठेवावेत, आणि भाषणात एका वाक्यात ते नमुन्याचे आहेत असे सांगावे.

शेवटच्या चाळीस सेकंदांत काय झाले नाही, ते सांगायचे असते. नवख्या वक्त्याला यात कमीपणा वाटतो, पण प्रश्नांच्या पहिल्या दोन मिनिटांत परीक्षक ते काढून घेतातच, आणि तेव्हा सांगण्यापेक्षा आधी सांगणे बरे. या उदाहरणातल्या गटाने असे म्हणावे:

‘दिवाळी अंक आणि मासिके या ॲपमध्ये अजून नाहीत. त्यांना दाखल क्रमांक नसतो, त्यामुळे आमची प्रतीची मांडणी तिथे लागू होत नाही. आत्तापर्यंत दोन कपाटांची पुस्तके भरून झाली आहेत, बाकीची वहीतच आहेत. या काळात वही आणि ॲप दोन्ही चालू राहतील.’

यानंतर पहिला प्रश्न बहुधा येतो तो असा: कोहा असताना हे कशाला? कोहा ही ग्रंथालयांसाठीची मुक्त संगणकप्रणाली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयात २००० साली सुरू झाली आणि आज जगभर वापरली जाते. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणालीही आहे. ‘आमचे त्याहून चांगले आहे’ असे उत्तर देणारा गट इथेच अडकतो, कारण ते खरे नसते. खरे उत्तर असे की त्या प्रणालींत सूची, खरेदी, नियतकालिके असे सारे आहे, आणि ते चालवायला प्रशिक्षित माणूस आणि ठरावीक पद्धतीची सूची लागते. एका कर्मचाऱ्याच्या वाचनालयाला सध्या फक्त देवघेव हवी आहे. उद्या वाचनालय वाढले, तर या ॲपमधली सगळी माहिती साध्या तक्त्यात बाहेर काढता येते आणि तिकडे नेता येते. हे म्हणताना तो तक्ता काढून दाखवता आला पाहिजे.

दुसरा प्रश्न कार्यकारिणीतले सदस्य विचारतात: तुम्ही पास होऊन गेल्यावर हे कोण बघणार? याला गोड उत्तर नाही. सांगता येईल ते एवढेच: रोज रात्री सगळी माहिती एका फाइलमध्ये उतरून ग्रंथपालांच्या ईमेलवर जाते. दाखल नोंदवही आणि रोजच्या देवघेवीचे आकडे छापून निघतात. तपासणीच्या वेळी दाखवायला ते लागतातच. ॲप बंद पडले तर आदल्या रात्रीच्या फाइलवरून वही पुन्हा सुरू करता येते. ही फाइल उघडून तिच्यातून वही कशी लिहायची, हे ग्रंथपालांनी एकदा स्वतः करून पाहिलेले असावे, आणि तसे त्यांनीच सांगितले तर उत्तम.

तिसरा प्रश्न क्वचित येतो, पण यायला हवा: पुस्तक परत आल्यावर ते कोणी नेले होते, ही माहिती किती दिवस राहते? वही भरली की माळ्यावर जाते आणि तिथून कोणी ती वाचत नाही. ॲपमधली नोंद मात्र कायम राहते, आणि एखादा माणूस वर्षानुवर्षे कोणती पुस्तके नेतो, त्यावरून त्याचे आजारपण, श्रद्धा, राजकीय कल असे बरेच काही कळते. वाचनालयाला पुढे लागतात ते आकडे, नावे नव्हेत. पण लगेच नाव पुसले, तर फाटलेले पान कोणाकडून आले, ते विचारता येत नाही, कारण ते बहुधा पुढच्या वाचकाच्या लक्षात येते. म्हणून प्रत्येक प्रतीवर शेवटच्या वाचकाचे नाव ठेवायचे, आणि पुढच्या वाचकाने ती प्रत परत केली की त्याआधीचे नाव पुसून नोंद फक्त मोजणीसाठी ठेवायची. प्रत ११८५ वर अशा वेळी सभासद २१२ च्या जागी तारीख आणि एक देवघेव एवढेच उरते.